या चुका टाळा: पुश, फेच की हाताने तपासणे? बॅटरी कुठे जाते आणि मेल कुठे अडकतो

फोनची बॅटरी लवकर उतरू लागली की अनेक जण मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन पुश, म्हणजे मेल येताच सर्व्हरने फोनला कळवण्याची सोय, बंद करतात आणि त्याऐवजी दर १५ मिनिटांचे फेच, म्हणजे ठराविक वेळाने फोनने स्वतः सर्व्हरला विचारणे, लावतात. पुश म्हणजे फोन दिवसभर सर्व्हरशी बोलत राहणार, म्हणून बॅटरी जास्त खर्च होणार, असा त्यामागचा तर्क असतो. पुष्कळदा हा बदल केल्यावर बॅटरी तशीच उतरत राहते किंवा आणखी लवकर संपते, आणि मेल मात्र उशिरा येऊ लागतात. असे का होते, हे समजण्यासाठी फोनची वीज नेमकी कशावर खर्च होते ते आधी पाहिले पाहिजे.

साधा मजकुराचा मेल उतरवून घ्यायला लागणारी वीज नगण्य असते. खर्च होतो तो झोपलेला फोन उठवण्यात. मोबाइल डेटावर असताना फोनचा रेडिओ, म्हणजे नेटवर्कशी बोलणारा भाग, काम संपताच विश्रांती घेत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो पुढचे काही सेकंद जास्त वीज घेणाऱ्या अवस्थेतच थांबतो. त्यामुळे 'नवीन काही नाही' एवढे उत्तर मिळवायलासुद्धा जवळजवळ एक मेल उतरवण्याइतकीच किंमत मोजावी लागते, आणि सिग्नल कमकुवत असेल तर ती आणखी वाढते. म्हणून मेल किती मोठा होता यापेक्षा दिवसात फोन किती वेळा उठला, हाच खरा प्रश्न आहे.

आता हिशेब मांडून पाहू. दर १५ मिनिटांचे फेच म्हणजे तासाला ४ आणि दिवसाला ९६ फेऱ्या. ज्या खात्यावर दिवसाला ८ मेल येतात, तिथे यांपैकी किमान ८८ फेऱ्या रिकाम्या हाताने परततात. पुशमध्ये फोन सर्व्हरशी एक कनेक्शन उघडून ठेवतो आणि गप्प राहतो; सर्व्हरकडे काही आले तरच तो फोनला उठवतो. कनेक्शन जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी मध्ये मध्ये एक लहानसा निरोप जातो. तो २९ मिनिटांनी जातो असे धरले, तर दिवसाला सुमारे ५० निरोप आणि ८ मेल मिळून फोन ५८ वेळा उठतो. म्हणजे फेऱ्या ९६ वरून ५८ वर आल्या आणि मेल काही सेकंदांत दिसू लागला. फेचमध्ये हाच मेल सरासरी साडेसात मिनिटे आणि वाईटात वाईट १५ मिनिटे सर्व्हरवर वाट पाहत बसला असता.

हेच गणित दुसऱ्या टोकाला उलटे होते. ज्या खात्यावर जाहिराती, वृत्तपत्रिका आणि आपोआप येणाऱ्या सूचना मिळून दिवसाला ३०० मेल पडतात, तिथे पुश लावणे म्हणजे कुणाच्या कामाच्या नसलेल्या गोष्टींसाठी फोनला ३०० वेळा जागे करणे होय. तिथे तासाचे फेच २४ फेऱ्यांत सगळे गोळा करते. म्हणून सर्व खात्यांना एकच सेटिंग लावणे, ही माझ्या मते या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. माझ्या फोनवर तीन खाती होती आणि तिन्हींना १५ मिनिटांचे फेच होते. कामाच्या खात्याला पुश, घरच्या खात्याला दर तासाचे फेच आणि केवळ नोंदणीसाठी वापरत असलेल्या जुन्या खात्याला मॅन्युअल म्हणजे हाताने तपासणे, अशी विभागणी केल्यावर बॅटरीच्या यादीत मेलचे अ‍ॅप बरेच खाली सरकले, आणि कामाचे मेल पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागले.

आयफोनवर ही विभागणी `Settings` › `Apps` › `Mail` › `Mail Accounts` › `Fetch New Data` इथे करता येते. जुन्या आवृत्त्यांत मधला `Apps` हा टप्पा नसतो. इथेच एक फसगत होते. सर्वांत वर `Push` असे एक बटण दिसते आणि ते हिरवे असले की सगळ्या खात्यांना पुश मिळते आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात पुश मिळते ते ज्या खात्याचा सर्व्हर अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपला समजेल अशा रीतीने पुश देतो, त्यालाच. आयक्लाउड आणि मायक्रोसॉफ्टचे एक्स्चेंज ही त्याची नेहमीची उदाहरणे. जीमेलचे मोफत वैयक्तिक खाते या अ‍ॅपमध्ये जोडले तर त्याच्या नावाखाली `Fetch` आणि `Manual` एवढेच पर्याय दिसतात, कारण ३० जानेवारी २०१३ पासून गूगलने अशा खात्यांसाठी नव्या उपकरणांना एक्स्चेंज अ‍ॅक्टिव्हसिंकची जोडणी, म्हणजे ज्या वाटेने या अ‍ॅपला पुश मिळत असे ती, देणे थांबवले. त्याच खात्यासाठी जीमेलचे स्वतःचे अ‍ॅप घेतले तर सूचना लगेच येते, कारण ती सगळ्या अ‍ॅपसाठी सामायिक असलेल्या अ‍ॅपलच्या सूचनावाहिनीतून येते आणि वेगळे कनेक्शन राखावे लागत नाही. मात्र दोन्ही अ‍ॅपमध्ये तेच खाते चालू ठेवू नये. एकच मेल दोनदा उतरतो आणि खर्चही दुप्पट होतो.

त्याच पानावर खाली `Automatically` असा एक पर्याय आहे आणि तो नावावरून फार शहाणा वाटतो. त्याचा खरा अर्थ असा की फोन चार्जिंगला लावलेला आणि वाय-फायवर असेल तेव्हाच मेल पार्श्वभूमीत आणला जाईल. रात्री चार्जरवर सगळे मेल वेळेवर येतात, दिवसा खिशात असताना काहीच येत नाही आणि अ‍ॅप उघडताच दहा-बारा मेल एकदम उतरतात, अशी तक्रार असेल तर सर्व्हरला दोष देण्याआधी हा पर्याय पाहावा. बॅटरीचे चिन्ह पिवळे असेल तर कमी ऊर्जेची स्थिती चालू आहे आणि तिच्यातही मेलचे फेच थांबते, हेही याच वेळी तपासून घ्यावे.

अँड्रॉइडवर आणि स्वतंत्र मेल अ‍ॅपमध्ये अडचणीचे मूळ वेगळे असते. तिथले पुश पुष्कळदा आयमॅप आयडल या, सर्व्हरशी कनेक्शन उघडे ठेवून थांबण्याच्या पद्धतीवर चालते. तिचे संभाषण असे दिसते, त्यात C म्हणजे फोन आणि S म्हणजे सर्व्हर:

```
C: a3 IDLE
S: + idling
S: * 24 EXISTS
C: DONE
S: a3 OK IDLE terminated
```

फोन पहिल्या ओळीत 'मी थांबतो, काही आले की सांग' असे म्हणतो. तिसऱ्या ओळीत सर्व्हर आता फोल्डरमध्ये २४ मेल आहेत असे कळवतो. मग फोन थांबणे संपवून नवा मेल उतरवून घेतो. या पद्धतीच्या १९९७ च्या मानकात, सर्व्हरने निष्क्रिय समजून संबंध तोडू नये म्हणून दर २९ मिनिटांच्या आत हे थांबणे नव्याने सुरू करावे, असा सल्ला आहे. वरच्या हिशेबातील २९ हा आकडा तिथूनच आला आहे.

सर्व्हर कनेक्शन अर्धा तास टिकवायला तयार असला, तरी मधला राऊटर किंवा मोबाइल नेटवर्क शांत कनेक्शन काही मिनिटांतच गुपचूप काढून टाकू शकते. फोनला ते कळत नाही. तो वाट पाहत राहतो आणि सर्व्हरचा निरोप वाटेतच हरवतो. याची खूण ओळखता येते: पुश चालू दिसते, पण मेल साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने गठ्ठ्याने येतात. अ‍ॅपमध्ये कनेक्शन ताजे करण्याचा कालावधी बदलता येत असेल तर तो आधी १५ मिनिटांवर आणून पाहावा आणि तेवढ्याने भागले नाही तरच आणखी कमी करावा. तो सरळ २ मिनिटांवर नेणे ही नेहमीची चूक आहे, कारण मग दिवसाला ७२० वेळा फोन उठतो आणि पुशचा सगळा फायदा वाहून जातो.

दुसरा अडथळा फोनच्या झोपेचा आहे. अँड्रॉइड ६ पासून आलेल्या डोझ या व्यवस्थेत फोन चार्जरशिवाय, स्क्रीन बंद ठेवून स्थिर पडलेला असेल तर अ‍ॅपचे नेटवर्क रोखले जाते आणि ठराविक अंतराने थोडा वेळच मोकळे होते. हे अंतर हळूहळू वाढत जाते. त्यामुळे टेबलावर पडलेल्या फोनमध्ये '१५ मिनिटांचे' फेच प्रत्यक्षात कितीतरी उशिरा होते. आयडलवर चालणाऱ्या अ‍ॅपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये `Unrestricted` द्यावे. मात्र हा पर्याय सरसकट सगळ्या अ‍ॅपना देऊ नये. गूगलच्या सूचनावाहिनीतून निरोप घेणाऱ्या अ‍ॅपला त्याची सहसा गरज नसते. आयडलचे एक कनेक्शन एका वेळी एकाच फोल्डरवर लक्ष ठेवते, हेही विसरू नये. सर्व्हरवरचा नियम एखाद्याचे मेल परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकत असेल, तर इनबॉक्सचे पुश उत्तम चालूनही त्या मेलची सूचना येणार नाही.

हाताने तपासण्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. दिवसातून दोन-तीनदा पाहणाऱ्याला ते सर्वांत स्वस्त पडते. मात्र महत्त्वाच्या मेलची वाट पाहत दर दहा मिनिटांनी अ‍ॅप उघडले, तर रेडिओबरोबर स्क्रीनही पेटते, आणि स्क्रीनचा खर्च एका फेचपेक्षा पुष्कळ जास्त असतो. त्या दिवसापुरते त्या खात्याला पुश लावणेच योग्य.

सेटिंग बदलल्यावर चाचणी कशी घेतली जाते, यावर सगळे अवलंबून असते आणि तिथेच बहुतेकांचे चुकते. फोन चार्जरला लावून, स्क्रीन चालू ठेवून स्वतःलाच मेल पाठवला की तो लगेच येतो, कारण त्या स्थितीत डोझ लागू होत नाही आणि `Automatically` सुद्धा काम करते. चार्जर काढून, वाय-फाय बंद करून, फोन तासभर न हलवता ठेवावा, मग दुसऱ्या खात्यावरून मेल पाठवावा आणि सूचना वाजण्याची वेळ लिहून ठेवावी. त्यानंतर संगणकावर त्या मेलचा मूळ मजकूर उघडून `Received` या ओळी पाहाव्यात. सर्वांत वरची ओळ ही आपल्या सर्व्हरवरची शेवटची नोंद असते:

```
Received: from mx.example.org by mail.example.com;
  Tue, 4 Mar 2025 10:42:07 +0000
Received: from sender.example.net by mx.example.org;
  Tue, 4 Mar 2025 10:42:05 +0000
```

इथे मेल १०:४२ ला आपल्या सर्व्हरवर पोहोचला. शेवटच्या +0000 वरून वेळ आपल्या स्थानिक वेळेत बदलून घ्यावी. सूचना याच वेळेच्या हिशेबात ११:०९ ला वाजली असेल तर ती २७ मिनिटे फोनच्या बाजूची आहेत आणि वरचे उपाय लागू पडतात. पण खालच्या ओळीत १०:१५ आणि वरच्या ओळीत १०:४२ असे दिसले, तर उशीर सर्व्हरांच्या दरम्यान झालेला आहे. अनोळखी पाठवणाऱ्याला काही सर्व्हर पहिल्या वेळी 'नंतर या' म्हणून परत पाठवतात आणि त्याने पुन्हा प्रयत्न केल्यावरच मेल स्वीकारतात. अशा उशिरावर फोनमधले कोणतेही सेटिंग चालत नाही, आणि त्यासाठी खात्याच्या व्यवस्थापकाला ह्या दोन ओळी जशाच्या तशा पाठवाव्या लागतात.