स्वरलिपीतील अनोळखी चिन्हाचे नाव कसे शोधावे : एका नागमोडी रेघेचा अनुभव

हार्मोनियम वाजवण्याची सवय असलेला मी पियानोकडे वळलो, तेव्हा स्वर ओळखणे मला फारसे जड गेले नाही. अडचण आली ती स्वरांच्या आजूबाजूला छापलेल्या बारीक खुणांची, कारण ज्याचे नावच ठाऊक नाही ते शब्दकोशात शोधायचे तरी कोणत्या अक्षराखाली, हा प्रश्न सुटत नव्हता.

जर्मन संगीतकार बाख यांचे सी मेजरमधील पहिले इन्व्हेन्शन, म्हणजे एक छोटी रचना, मी शिकत होतो. त्याच्या पहिल्याच बारमध्ये, उजव्या हाताच्या शेवटून दुसऱ्या स्वरावर, म्हणजे ‘बी’वर, बहुतेक आवृत्त्यांत एक छोटी नागमोडी खूण असते. मी शिक्षिकांना फोनवर विचारले, “मॅडम, इथे एक वेडीवाकडी रेघ आहे, ती काय आहे?” त्यांनी विचारले, “रेघ आडवी आहे की उभी? स्वराच्या डोक्यावर आहे की डाव्या बाजूला?” मी म्हणालो, डोक्यावर, आडवी. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, “तिच्या मधोमध एक बारीक उभी रेघ जाते का, नीट पाहून सांगा.” मी पुस्तक खिडकीजवळ नेले, तेव्हा कुठे ती रेघ दिसली. “मग तो मॉर्डेंट आहे. बी, ए, बी असे झटकन वाजवा,” असे त्या म्हणाल्या.

हे तीन प्रश्न ज्या क्रमाने आले, तो क्रमच मी पुढे धरून ठेवला. आधी दिशा, मग जागा आणि शेवटी आकारातील बारकावा. हीच नागमोडी रेघ उभी असती आणि अनेक स्वरांच्या कॉर्डच्या डावीकडे असती, तर ती आर्पेजिओची खूण ठरली असती, म्हणजे कॉर्डमधील स्वर एकदम न दाबता सहसा खालून वर एकामागून एक वाजवायचे. आणि मधली उभी रेघ नसती, तर बाख यांच्या लेखनात ती ट्रिलची खूण झाली असती, जी वरच्या स्वरापासून सुरू होते, म्हणजे सी, बी, सी, बी अशी. बाख यांनी मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी 1720 मध्ये सुरू केलेल्या वहीत अशा खुणांचा एक तक्ता स्वतः लिहून दिलेला आहे, आणि त्यात ही दोन्ही चिन्हे वेगवेगळी दाखवली आहेत.

जागेचे महत्त्व टिंबाच्या बाबतीत अधिक जाणवते आणि आपल्या संगीतातून पाश्चात्त्य स्वरलिपीकडे वळणाऱ्यांनी तिथे विशेष जपावे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब तार सप्तक सांगते, म्हणून पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांच्या स्टाफवर स्वराच्या वर टिंब दिसले की माझे मन आपोआप वरच्या सप्तकात जाई. प्रत्यक्षात तिथे स्वराच्या वर किंवा खाली असलेले टिंब म्हणजे स्टॅकाटो, म्हणजे स्वर तोडून वाजवणे. तेच टिंब स्वराच्या उजव्या बाजूला असेल, तर स्वराची लांबी निम्म्याने वाढते आणि एका मात्रेचा स्वर दीड मात्रेचा होतो. स्वर रेघेवर बसलेला असेल, तर हे उजवीकडचे टिंब रेघेत बुडू नये म्हणून किंचित वर, मोकळ्या जागेत छापतात. ते पाहून नवशिक्याला टिंब स्वराच्या वर आहे असे वाटते. टिंब स्वराच्या थेट डोक्यावर आहे की त्याला ओलांडून उजवीकडे गेले आहे, एवढेच पाहिले की घोटाळा होत नाही.

शिक्षक हाताशी नसतील, तेव्हा हेच वर्णन शोधात टाइप करता येते. मी पुढीलसारखे शब्द वापरतो :

```
short zigzag line with vertical stroke above note
```

दुसरा मार्ग म्हणजे म्यूझस्कोअर हा मोफत प्रोग्राम. त्यातील `Ornaments` या पॅलेटमध्ये चिन्हे चित्ररूपाने मांडलेली असतात आणि चित्रावर माउस नेला की नाव दिसते.

नाव मिळाल्यावरही एक अडचण उरते. इंग्रजीत मॉर्डेंट हा शब्द दोन्ही चिन्हांसाठी वापरलेला आढळतो. त्यांपैकी रेघ नसलेल्याला काही जण वरचा मॉर्डेंट म्हणतात, काही जण उलटा मॉर्डेंट, आणि नंतरच्या काळातील संगीतात तो अनेकदा बी, सी, बी असा वाजतो. म्हणून मी कोणाशी बोलताना नावाबरोबर “मधली रेघ असलेला” किंवा “रेघ नसलेला” असे नेहमी जोडतो, आणि रचना कोणत्या काळातील आहे तेही सांगतो. झेरॉक्स प्रतींत ती रेघ पुष्कळदा पुसट होते किंवा स्टाफच्या रेघांत मिसळते. अशा वेळी त्याच रचनेची दुसरी छापील आवृत्ती काढून तोच बार शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मी चिन्ह ठरवत नाही.