कानाचं मशीन फोनला जोडताना या चुका टाळा

मी स्वतः कानामागे मशीन घालतो, त्यामुळे ओळखीत कुणाला नवं मशीन मिळालं की दोन-चार दिवसांत मला बोलावणं येतं. तक्रार ठरलेली असते: "फोनवर काही ऐकू येत नाही, मशीन बिघडलंय." मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. गोंधळ असतो तो फोनचा आवाज कुठल्या वाटेने मशीनमध्ये शिरतोय, हे कुणी पाहिलेलंच नसतं यात.

वाटा मुख्यतः दोन. पहिली टेलिकॉइल; मशीनवर हिच्या प्रोग्रामला टी म्हणतात. मशीनच्या पोटात तारेचं एक बारीक वेटोळं असतं. फोनच्या इअरपीसमधला स्पीकर चालताना भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते हे वेटोळं पकडतं आणि त्याचा पुन्हा आवाज होतो. पेअरिंग नाही, काही नाही. दुसरी वाट थेट स्ट्रीमिंगची. तिथे फोन आवाज डिजिटल करून रेडिओने मशीनला पाठवतो, म्हणून फोन खिशात असला तरी आवाज दोन्ही कानांत येतो.

टी लावून फोन कानाच्या भोकावर धरणं

ही माझी सर्वांत नावडती चूक. आमच्या काकांनी यापायी महिनाभर सगळ्यांना वेठीला धरलं होतं. कानामागचं मशीन, त्यात टी प्रोग्राम चालू करून दिलेला. फोन वाजला की काका बटण दाबून टी लावायचे, फोन कानाच्या भोकाला घट्ट चिकटवायचे आणि "हॅलो, हॅलो" करत बसायचे. दोनदा मशीन परत नेलं. तिथल्या माणसाने दोन्ही वेळा साध्या प्रोग्रामवर बोलून बघितलं, "ऐकू येतंय ना?" विचारलं आणि घरी पाठवलं. फोन लावून बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मी गेलो तेव्हा म्हटलं, "काका, फोन कसा धरता ते दाखवा." दाखवला आणि उलगडा झाला. वेटोळं कानाच्या भोकात नसतंच, ते कानामागच्या डबीत असतं! फोन दोन बोटं वर आणि थोडा मागे सरकवला, जरा तिरका केला, आणि काका एकदम ओरडले, "अरे, ही तर स्पष्ट बोलतेय!" पलीकडे त्यांची मुलगी होती.

तिरपेपणालाही तेवढंच महत्त्व आहे. वेटोळं ठरावीक दिशेच्या क्षेत्रालाच नीट दाद देतं. शिवाय सभागृहातला आवाज टेलिकॉइलपर्यंत पोचवायला जमिनीलगत फिरवलेल्या तारेसाठी, म्हणजे लूपसाठी, ते बऱ्याचदा उभं बसवलेलं असतं, आणि ती दिशा फोनला सोयीची असेलच असं नाही. म्हणून माझी सवय अशी: कस्टमर केअरला फोन लावायचा, रेकॉर्ड केलेली बाई बोलत राहते. तिला बोलू द्यायचं आणि फोन अगदी सावकाश वर-खाली, मागे-पुढे, तिरका फिरवायचा. एका जागी आवाज एकदम भरून येतो. ती जागा आठवडाभर रोज शोधा, मग हात आपोआप तिथे जातो. लोकांना एवढाही धीर नसतो. तीन सेकंद धरतात आणि म्हणतात, "टेलिकॉइल जुनाट आहे."

तरीही काहीच आलं नाही, तर वेटोळं जिवंत आहे का ते बघा. टी लावा आणि चालू चार्जर, डिमर किंवा जुन्या चोकच्या ट्यूबलाइटजवळ कान न्या. घुंईं असा गुणगुणाट आला, तर वेटोळं काम करतंय. दोष फोन धरण्यात आहे, किंवा त्या फोनच्या स्पीकरचं क्षेत्रच दुबळं आहे. कुठेच काही आलं नाही, फक्त नेहमीचा माइकचा आवाज येत राहिला, तर टी प्रोग्राम चालू केलेलाच नसेल. तो ऑडिओलॉजिस्ट संगणकावरून चालू करतात. किंवा तुमच्या मॉडेलमध्ये वेटोळंच नसेल, कारण कानाच्या आत बसणाऱ्या बारक्या मशीनमध्ये बऱ्याचदा त्याला जागाच नसते.

हाच गुणगुणाट बोलताना त्रास देत असेल, तर दोन पावलं सरका. फोन बदलायची गरज नाही.

टी संपल्यावर परत माइकवर यायला विसरू नका. नाहीतर घरातलं कुणी बोललेलं कळणार नाही आणि तुम्ही पुन्हा मला फोन कराल.

साध्या माइक प्रोग्रामवर फोन कानाला लावला की शिट्टी वाजते, तीही बिघाडाची खूण नव्हे. मशीनचा आवाज फोनवर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतो. टीवर माइक बंद असतो, म्हणून तिथे शिट्टीला वावच नाही. स्ट्रीमिंगचं वेड लागलेल्यांना टेलिकॉइलचा हा गुण कुणी सांगतच नाही.

फोनवर M4/T3 अशी खूण दिसली, तर T पुढचा आकडा बघा. M माइकच्या वाटेसाठी असतो, त्यावर भुलू नका.

ब्लूटूथच्या यादीतून मशीन जोडणं

दुसरी लाडकी चूक. बऱ्याच मशीनना नेहमीच्या ब्लूटूथ यादीतून जोडायचंच नसतं. आयफोनवर जागा आहे `Settings › Accessibility › Hearing Devices`. अँड्रॉइडवरही `Accessibility` मध्ये `Hearing devices` शोधा. अँड्रॉइडमध्ये ही सोय 2019 साली, 10व्या आवृत्तीपासून आली, पण ती प्रत्येक फोनमध्ये नसते. काही मशीन मात्र साध्या ब्लूटूथवर चालतात आणि हेडसेटसारखी नेहमीच्या यादीतूनच जोडली जातात. तुमचं कोणतं, हे आधी विचारून घ्या. नुसतं "ब्लूटूथ आहे" या उत्तरावर समाधान मानू नका.

एका मैत्रिणीचं मशीन असंच रोज तुटायचं. ऑफिसात सगळं छान, घरी आलं की फोन वाजे आणि आवाज मात्र कानात येत नसे. तिच्या मुलाने उत्साहात फोन पूर्ण रिसेट केला. फोटो गेले, नंबर गेले, दुखणं तसंच! मी दोन संध्याकाळी डोकं खाजवलं. शेवटी कपाटातला जुना टॅबलेट सापडला. मशीन आधी त्याला जोडलेलं होतं, आणि ती घरात पाऊल ठेवताच तो टॅबलेट मशीन पकडून ठेवायचा. त्यावरून जोडणी काढली आणि प्रश्न मिटला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी घरातल्या प्रत्येक जुन्या फोनवरून आणि टॅबलेटवरून जोडणी विसरायला लावायची. मग नव्या फोनवरचीही. मग दोन्ही मशीन बंद करून चालू करायची: बॅटरीचं दार उघडून लावा, किंवा चार्जरमध्ये ठेवून बाहेर काढा. चालू झाल्यावर जोडणीची वाट काही मिनिटंच उघडी असते, म्हणून फोनची यादी आधीच उघडून ठेवा. दोन्ही कानांची नावं दिसेपर्यंत घाई करू नका. एकच जोडून पुढे गेलात, तर दुसरा कान मुका राहतो.

पलीकडच्याला तुमचा आवाज येत नसेल, तर फोन टेबलावर पडलाय का बघा. फोन-मशीनच्या अनेक जोड्यांमध्ये ऐकणं मशीनमधून होतं, पण बोलणं फोनच्याच माइकमधून जातं. मशीनचा माइक बोलण्यासाठी वापरण्याची सोय काहीच जोड्यांमध्ये असते. तशी सोय नसेल, तर फोन तोंडाजवळ, पावाचा तुकडा धरावा तसा आडवा धरा.

स्ट्रीमिंगचा आवाज पातळ, खर्जाविना वाटतोय? कानात बसणारं मशीनचं मऊ टोक, म्हणजे डोम, भोकांचं असेल तर खर्ज बाहेर निसटतो. फोनच्या इक्वलायझरशी खेळण्याआधी डोम बदलून बघा.

नवं मशीन घेताना "आता ब्लूटूथ आहे, टेलिकॉइल कशाला" म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: सभागृहात लूप असेल, तर ती ऐकणार कशाने? लूपमधून चुंबकीय क्षेत्र येतं, ते तुमच्या ब्लूटूथला पकडता येत नाही. काकांच्या नव्या मशीनमध्ये आता दोन्ही आहेत. फोन बहुतेक वेळा स्ट्रीम होतो, पण लँडलाइन आली की ते न सांगता टी लावतात आणि रिसीव्हर दोन बोटं वर धरतात.