दंडामागचा खरखरीतपणा: माझा अनुभव

दंडाच्या मागचे हे बारीक, खरखरीत पुरळ म्हणजे केराटोसिस पिलारिस. केसाच्या छिद्राच्या तोंडाशी केराटिन या कातडीतल्याच प्रथिनाचा खडा अडकतो, एवढंच. खाज किंवा दुखणं नसेल, तर उपचारांची गरज नाही. साताऱ्याच्या कोरड्या थंडीत ते वाढतात, पावसाळ्यात बरेचदा मऊ पडतात.

दिसायला नकोसेच वाटत असतील, तर कोमट पाण्याने आंघोळ करून, कातडी ओलसर असतानाच १० टक्के युरियाचं क्रीम रोज एकदा चोळायचं. फरक दिसायला चार-सहा आठवडे लागतात. थांबवलं की पुरळ परततात. चरे पडलेल्या कातडीवर क्रीम झोंबतं. घासणी किंवा वजरी मात्र अजिबात नको: घासल्याने लाली वाढते, कधी काळे डागही राहतात. पू किंवा वेदना असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.