‘मे कंटेन’ची ओळ: अ‍ॅलर्जीच्या लेकराच्या आईबापांनी या चुका टाळा

आमच्या मराठवाड्यात शेंगदाण्याचा कूट न पडलेली भाजी शोधावी लागते. त्यामुळे लेकराला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी निघाली की घरचं जेवण धास्तीचं वाटायला लागतं आणि पाकिटातल्या खाऊवरचा भरवसा वाढतो. पाठीमागं सगळं छापलेलं असतं ना! माझ्या मुलालाही हीच अ‍ॅलर्जी आहे, म्हणून ओळखीतले लोक मला पाकिटांचे फोटो पाठवून विचारतात. पाकिटावर ‘कंटेन्स पीनट्स’, ‘मे कंटेन पीनट्स’ किंवा ‘मे कंटेन ट्रेसेस ऑफ नट्स’ अशी जी ओळ असते, तिच्याबाबत चुका मात्र सगळ्यांच्या त्याच.

‘ट्रेसेस म्हणजे किंचित, तेवढ्यानं काय होतंय?’

सगळ्यात जास्त संताप मला या वाक्याचा येतो. ‘कंटेन्स’ म्हणजे तो पदार्थ कंपनीनं स्वतः घातलेला आहे. ‘मे कंटेन’ म्हणजे घातलेला नाही, पण त्याच यंत्रावर किंवा त्याच कारखान्यात तो वापरला जातो, त्यामुळे मिसळला असू शकतो. किती मिसळला, हे त्या ओळीवरून कळत नाही. ‘ट्रेसेस’ लिहिलं म्हणून कमी आणि ‘मे कंटेन’ लिहिलं म्हणून जास्त, अशी काही प्रतवारी नसते.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं उदाहरण सांगते. चॉकलेटचा थर असलेली वेफर बिस्किटं तिच्या आवडीची. पाकिटावर ‘मे कंटेन पीनट्स’ स्पष्ट छापलेलं. पण आधी बऱ्याचदा खाऊन काही झालं नव्हतं, म्हणून ‘कंपन्या उगाच लिहितात’ असं घरात ठरून गेलेलं. एका संध्याकाळी तेच पाकीट अर्धं खाल्लं आणि ओठ खाजायला लागले, मानेवर गांधी उठल्या, उलटी झाली. घरच्यांनी सेट्रिझिन देऊन वाट बघितली. त्या गोळीनं खाज कमी होते, श्वासाचा त्रास थांबत नाही. खोकला सुरू होऊन आवाज बसला, तेव्हा दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं, कारण अशी रिअ‍ॅक्शन काही तासांनी पुन्हा उलटू शकते.

मग आधीची पाकिटं कशी पचली? चॉकलेटची यंत्रं दर वेळी पाण्यानं धूत नाहीत. पाणी लागलं की चॉकलेट घट्ट होऊन बसतं आणि ओल राहिली तर जंतूंची भीती. म्हणून खरवडून काढतात किंवा पुढचंच चॉकलेट आतून फिरवतात. आधी शेंगदाण्याचा माल निघाला असेल तर कानाकोपऱ्यात थोडा राहतो आणि पुढच्या मालात कुठं तरी पडतो. एका पाकिटात काहीच नाही, दुसऱ्यात बऱ्यापैकी. म्हणजे कालचं पाकीट पचलं, यातून फक्त कालच्या पाकिटाबद्दल कळतं.

माझा नेम साधा आहे: त्या ओळीत शेंगदाणा दिसला की वस्तू घरात येत नाही. नुसतं ‘नट्स’ लिहिलं असेल तरी मी त्यात शेंगदाणा धरते. सूट द्यायची असेल तर ती लेकराच्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी द्यावी. ‘चिमूटभर चाटवून बघू’ म्हणणाऱ्या काका-मामांनी तर अजिबात नाही.

‘ओळच नाही, म्हणजे निर्धोक’

ही चूक त्याहून मोठी. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, 2020 च्या लेबल नियमांत ‘कंटेन्स’ची ओळ बंधनकारक आहे, ‘मे कंटेन’ कंपनीच्या मर्जीवर आहे. ओळ नसण्याचे दोन अर्थ निघतात: यंत्र खरंच वेगळं आहे, किंवा कंपनीनं लिहिलंच नाही. बाहेरून दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात.

म्हणून नवीन वस्तू घेण्याआधी मी पाकिटावरच्या ग्राहक सेवेला ईमेल करते. दोनच प्रश्न: याच यंत्रावर शेंगदाण्याचा माल निघतो का, आणि निघत असेल तर मधली सफाई कशी करता? उत्तर लेखी मागते. ‘आमचा माल शुद्ध असतो’ एवढंच आलं तर ती वस्तू बाद. किराणावाल्यानं सुट्टं भरून दिलेला चिवडा, फरसाण तर विचारायचंच नाही. तोच डाव सगळ्या डब्यांत फिरतो.

बाकीच्या थोडक्यात

‘हे नेहमीचंच आहे’ म्हणून न वाचता टोपलीत टाकू नका. कृती बदलते, कारखानाही बदलतो. पाकीट दर वेळी वाचायचं, आणि खाऊन संपेपर्यंत फेकायचं नाही, म्हणजे काही झालंच तर डॉक्टरांना दाखवता येतं.

तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर घटकांच्या यादीखालच्या ‘कंटेन्स’च्या ठळक ओळीवर विसंबू नका. नियमांतल्या अ‍ॅलर्जीच्या यादीत तीळ नाही, त्यामुळे घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते.

आणि वाढदिवसाला वाटतात ती इवलीशी चॉकलेटं. 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान वेष्टनाला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती मोठ्या पाकिटावर असते. मोठं पाकीट दाखवा म्हणायचं. ते फेकून दिलं असेल, तर लेकराच्या हातात आपल्या पिशवीतला खाऊ द्यायचा.