कविता घरच्यांना दाखवताना या चुका टाळा

आई, भाऊ, बहीण किंवा जोडीदार यांच्यावरची कविता लिहून होते, पण पुढे सरकत नाही. 'त्यांनी वाचली तर?' या एका प्रश्नापाशी ती अडते. अशा वेळी बहुतेक जण सगळ्या कवितेलाच घाबरून ती वहीत बंद करतात. पहिली चूक हीच. भीती सहसा अख्ख्या कवितेची नसते, दोन-तीन ओळींची असते, आणि त्या ओळी सापडेपर्यंत काहीच करता येत नाही. एकट्याने कविता मोठ्याने वाचून पाहा. जिथे आवाज आपोआप खाली जातो किंवा वाचायचा वेग वाढतो, ती जागा पेन्सिलने खुणेत घ्या.

उदाहरणादाखल एक कच्चा खर्डा घेऊ. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात भाऊ आला नाही, त्याविषयी बहिणीने लिहिलेला:

तुझा फोन वाजत राहिला.
बाबांनी विचारलं, "निघाला का?"
मी म्हटलं, "निघालाय."
नोकरी गेल्याचं तोंड लपवत तू दूर बसलास,
बाबांपेक्षा तुला तुझी लाज मोठी होती.

आता प्रत्येक ओळीसमोर लिहायचं: हे मला कुठून कळलं? पहिल्या तीन ओळी तिने स्वतः पाहिलेल्या, ऐकलेल्या, बोललेल्या आहेत. चौथी ओळ तिला वहिनीने विश्वासाने सांगितली होती. पाचवी म्हणजे भावाच्या मनाविषयी तिने बांधलेला तर्क. आवाज अडखळतो तो चौथ्या-पाचव्या ओळीत, आणि ते योग्यच आहे. चौथीत दुसऱ्याचं गुपित आहे आणि पाचवीत न्यायनिवाडा. भाऊ दुखावणार असेल तर तो याच दोन ओळींनी. शिवाय वहिनीही अडचणीत येईल, आणि तिचा तर कवितेत उल्लेखसुद्धा नाही.

गंमत अशी की कवितेच्या दृष्टीनेही याच दोन ओळी सर्वांत कच्च्या आहेत. खरा ऐवज तिसऱ्या ओळीत आहे: मरणाच्या दारात असलेल्या वडिलांशी ती खोटं बोलली. ते ओझं तिचं स्वतःचं आहे आणि ते सांगायला तिला कुणाची परवानगी नको. दुसरा खर्डा असा होऊ शकतो:

तुझा फोन वाजत राहिला.
बाबांनी विचारलं, "निघाला का?"
मी म्हटलं, "निघालाय."
त्यांनी डोळे मिटले.
तुझ्या वाटचं खोटं
अजून माझ्याच तोंडात आहे.

भाऊ यातही स्वतःला ओळखेल. ओळखावंच. पण त्याची नोकरी, त्याची लाज, वहिनीचा विश्वास यातलं काही चव्हाट्यावर येत नाही. कविता बोथट झाली का? माझ्या मते उलट जास्त लागते, कारण आरोप गेला आणि घटना उरली.

दुसरी सर्रास होणारी चूक म्हणजे वेषांतर. भावाचा मित्र करायचा, गाव बदलायचं, आजार बदलायचा. अनोळखी वाचकापासून माणसाला झाकायला हे पुरतं आणि तेवढ्यासाठी जरूर करावं. घरच्यांपुढे मात्र ते चालत नाही. घरची माणसं नावावरून नव्हे, तर बोलण्याच्या लकबीवरून, एखाद्या वस्तूवरून, न उचललेल्या फोनवरून ओळखतात. वर लपवलेलं दिसलं की 'हिला माहीत होतं, म्हणूनच लपवलं' असा अर्थ निघतो. कधी भलत्याच नातेवाइकाला ती कविता आपल्यावर आहे असं वाटून बसतं, आणि ते निस्तरणं आणखी कठीण.

कुणाचे शब्द अवतरणचिन्हांत घालताना तर फार जपावं लागतं. अमेरिकी कवी रॉबर्ट लॉवेल यांनी 1973 च्या 'द डॉल्फिन' या संग्रहात एलिझाबेथ हार्डविक या आपल्या आधीच्या पत्नीच्या पत्रांतला मजकूर बदल करून वापरला. संग्रह छापला जाण्याआधीच, 1972 मध्ये, त्यांची कवयित्री मैत्रीण एलिझाबेथ बिशप यांनी पत्र लिहून हरकत घेतली होती. कविता त्यांना आवडल्या होत्या. आक्षेप होता तो दुसऱ्याचं खासगी पत्र परवानगीशिवाय घेऊन, वर त्यात फेरफार करण्याला. आईच्या तोंडी वाक्य घालताना तेच लक्षात ठेवा. ती तसं बोललीच नसेल तर ती पहिल्यांदा त्याच वाक्यावर बोट ठेवेल, आणि मग बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही तिचा विश्वास उडेल.

आता दाखवण्याची वेळ. घरगुती समारंभात सगळ्यांसमोर वाचणं किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळं होणं टाळा. ज्याच्यावर कविता आहे त्याला चारचौघांत चेहरा सांभाळावा लागतो, आणि मग तो कवितेला नव्हे, तिथे बसलेल्यांना उत्तर देतो. त्याला एकट्याला, आधी आणि लेखी द्या. तो वाचत असताना समोर बसून चेहरा न्याहाळू नका.

त्याहून मोठी गफलत विचारण्यात होते. 'छापू का?' असं विचारायचं, पण 'नको' ऐकायची तयारी नसायची. आपण माहिती देतोय, मत मागतोय की परवानगी, हे आधी स्वतःशी ठरवा आणि तसंच बोला: "दादा, बाबांच्या शेवटच्या दिवसांवर मी कविता लिहिली आहे. त्यात तू आहेस. मासिकाकडे पाठवायच्या आधी तू वाचावीस असं वाटतं. तुझं खासगी काही उघड होत असेल, काही चुकीचं असेल तर सांग, मी बदलेन. पाठवायची की नाही ते मात्र मी ठरवेन." शेवटचं वाक्य म्हणायला जड जातं, पण तेच गाळलं तर पुढे फसवल्यासारखं होतं.

उत्तर आलं की 'अरे, ती नुसती कल्पना आहे' असं म्हणून सुटका करून घेऊ नका. समोरच्याला खरं काय ते माहीत असतं. त्याऐवजी तो नक्की काय म्हणतोय ते वेगळं करा. 'फोन त्या दिवशी बंद होता' हा तपशिलाचा मुद्दा आहे, तो तपासून दुरुस्त करावा. 'लोकांना माझं सगळं कळेल' ही गुपिताची भीती आहे, तिथे ओळ काढावी. 'मला असं आठवत नाही' हा आठवणींतला फरक आहे, त्यासाठी कविता बदलायची गरज नाही. त्याची आठवणही ऐकून घ्यावी, एवढंच. आणि 'तुला माझ्याबद्दल असं वाटतं?' हे तर कवितेविषयी नाहीच. त्या दिवशी खर्ड्याला हात लावू नका, भावाशी बोला.

थांबणं हाही एक रीतसर निर्णय असतो. अमेरिकी कवयित्री शॅरन ओल्ड्स यांचा विवाह 1997 मध्ये मोडला. त्याविषयीच्या कविता निदान दहा वर्षं छापणार नाही असा शब्द त्यांनी मुलांना दिला होता. त्या कवितांचा संग्रह आला 2012 मध्ये. लिहिणं थांबलं नव्हतं, छापणं थांबलं होतं. कवितेतली व्यक्ती लहान असेल, आजारी असेल किंवा आत्ताच मोठ्या दुःखातून जात असेल, तर मीही हाच मार्ग सुचवेन.

एका परिस्थितीत मात्र वरचं काहीच लागू नाही. ज्या नातेवाइकाने मारहाण किंवा अत्याचार केला, त्याला आधी कविता दाखवण्याचं कोणतंही बंधन तुमच्यावर नाही, आणि त्याच्याच घरात राहत असाल तर दाखवूही नका. तिथे प्रश्न तुमच्या सुरक्षिततेचा आहे. अशी कविता आधी घराबाहेरच्या एका भरवशाच्या माणसाला द्या. खर्डाही घरात सापडणार नाही अशा ठिकाणी ठेवा, आणि ती स्वतःच्या नावाने छापायची की टोपणनावाने, हे त्या माणसाशी बोलून ठरवा.