व्हाइटबोर्डचा फोटो स्लाइडवर टाकताना या चुका टाळा

खानापूरजवळच्या एका बैठकीत व्हाइटबोर्डवर दूध संकलनाच्या गाड्यांचा आराखडा काढला होता. मधोमध बेळगाव, चारी बाजूंना गावांची नावं, निळे बाण, तांबड्या वेळा, एका कोपऱ्यात कन्नडमधून दोन ओळी. पुढच्या आठवड्यात तो स्लाइडवर दाखवायचा होता. मी फोनमधल्या स्कॅनर ॲपचा कृष्णधवल फिल्टर मारला, वर ठिपके पुसणारा दुसरा फिल्टर मारला आणि पांढरंशुभ्र चित्र बघून खूश झालो. पडद्यावर ते आलं तसे मागून एक काका म्हणाले, "काय ओ मास्तर, आमच्या गावाचं नाव बदलून टाकलासा की!"

संती बस्तवाडचं सती बस्तवाड झालं होतं आणि पंत बाळेकुंद्रीचं पत बाळेकुंद्री. फिल्टरला धुळीचा कण आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी छोटे काळे ठिपके. कन्नडचं संकट जरा वेगळं आहे. तिथला अनुस्वार अक्षराच्या उजवीकडे ओळीतच छोट्या वर्तुळासारखा येतो, त्यामुळे तो पुसला जात नाही, पण रेघा जाड केल्या की आतून बुजतो. आपल्याकडच्या फळ्यांवर दोन्ही लिप्या असतातच. म्हणून ठिपके पुसणारा फिल्टर मी आता वापरतच नाही.

पण खरी चूक त्याच्याही आधीची होती. फोटोत खिडकीकडची बाजू उजळ होती आणि दुसरी करडी. असा फोटो दिसला की हात आपसूक ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टकडे जातो. ते दोन्ही सगळ्या चित्राला एकच माप लावतात. करडी बाजू पांढरी होईपर्यंत वाढवावं, तर खिडकीकडची निळी अक्षरं उडतात. ती वाचवावीत, तर दुसऱ्या बाजूला मळभ तसंच राहतं. कृष्णधवल फिल्टरमध्येही एकच सीमारेषा असेल, म्हणजे तिच्यापेक्षा उजळ ते सगळं पांढरं आणि गडद ते सगळं काळं, तर हेच होतं, शिवाय फिकट हिरवा किंवा नारिंगी मार्कर पांढऱ्यातच जमा होतो. अर्धा फळा स्वच्छ आणि अर्धा मळका दिसला, की समजावं रोग शाईचा नाही, उजेडाचा आहे.

त्यावर उपाय भागाकाराचा. फळा कोरा असता तर प्रत्येक जागी किती उजेड दिसला असता, याचं एक चित्र बनवायचं आणि मूळ फोटोला त्यानं भागायचं. कोऱ्या जागी दोन्ही आकडे सारखेच, म्हणून उत्तर एक, म्हणजे पांढरं. शाई असेल तिथे उत्तर एकपेक्षा कमी, म्हणून ती उरते. लाल, हिरवा, निळा असा प्रत्येक रंग वेगळा भागला जातो, त्यामुळे पिवळ्या दिव्याची झाकही आपोआप निघून जाते.

हे GIMP या मोफत प्रोग्राममध्ये होतं. आधी Perspective टूलमध्ये Corrective निवडून फळ्याचे चार कोपरे पकडून तो सरळ करायचा आणि ॲल्युमिनियमची पट्टी कापून टाकायची. ही पायरी मी एकदा नंतरसाठी ठेवली, तर उजेडाच्या अंदाजात ती चौकट मिसळली आणि कडेला घाणेरडा पट्टा राहिला. मग चित्राची रुंदी २४०० पिक्सेलवर आणायची. १९२० रुंदीच्या पडद्याला एवढी पुष्कळ झाली. आता थराची प्रत काढायची (Layer → Duplicate Layer), वरच्या प्रतीवर Filters → Blur → Median Blur लावायचा, Radius, म्हणजे प्रत्येक पिक्सेलभोवती किती अंतरापर्यंत बघायचं ते माप, ४०च्या आसपास ठेवायचा आणि त्या थराचा Mode बदलून Divide करायचा. फळा तिथेच पांढरा होतो.

Gaussian Blur का नको? तो शाईसुद्धा सरासरीत धरतो. दाट लिहिलेल्या जागी त्याचा कोऱ्या फळ्याचा अंदाज काळवंडतो आणि भागाकारानंतर अक्षरं फिकी पडतात. मीडियन आसपासच्या पिक्सेलची उजेडाप्रमाणे रांग लावतो आणि मधला उचलतो. दहा पिक्सेलची रेघ त्या रांगेत अल्पसंख्य, म्हणून मधला पिक्सेल फळ्याचाच निघतो. Radius फार कमी ठेवली तर मात्र रेघच बहुसंख्य होते. माझ्या चित्रात शीतकरण केंद्राची खूण म्हणून तांबडा भरीव चौकोन होता. Radius १५ ठेवल्यावर त्याचा मधला भाग पांढरा झाला आणि नुसती कडा उरली. ६० केल्यावर तो पुन्हा भरीव दिसला. भरीव आकार पोकळ दिसू लागले की Radius वाढवायची, हे सोपं लक्षण. मोठ्या Radius ला जुना कॉम्प्युटर बराच वेळ घेतो, तेवढा चहा होतो. फळ्यावर रंगीत चिकटचिठ्ठ्या असतील तर त्यांचा रंग मात्र या पद्धतीत जाणारच, कारण अख्खी चिठ्ठीच फळा समजली जाते. तेवढा तुकडा मूळ फोटोतून कापून वर चिकटवायचा.

मग Image → Flatten Image करून Colors → Levels उघडायचं. मधला त्रिकोण उजवीकडे सरकवला की शाई गडद होते. पांढरा त्रिकोण २५५वरून हळूहळू २३०कडे आणला की डस्टरनं नीट न पुसलेल्या जुन्या अक्षरांची भुतं जातात. इथे हावरटपणा नको. भुतांच्या पाठोपाठ पिवळा मार्कर जातो आणि त्यानंतर घाईत टेकवलेले अनुस्वार. मी चित्र शंभर टक्क्यांवर मोठं करून एक बारीक अनुस्वार डोळ्यांसमोर ठेवतो आणि तो फिकटायला लागला की थांबतो. एखादं भूत उरलंच तर पांढऱ्या ब्रशनं हातानं पुसतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच भागाकारानं दुरुस्त होत नाही, ती म्हणजे चकाकी. फळ्यासमोर नाकासमोर उभं राहून फ्लॅश मारला की मधोमध पांढरा गोळा येतो, आणि तिथली अक्षरं फोटोत मुळात नोंदलीच जात नाहीत. फ्लॅश बंद करून दोन पावलं बाजूला सरकायचं. फोटो तिरका आला तरी चालतो, तो सरळ करता येतो. काचेच्या दाराच्या नोटीस बोर्डाला हेच लागू आहे. तिथे आणखी एक फरक असा, की मागचं हिरवं कापड भागाकारात पांढरट होऊन बसतं, म्हणून प्रत्येक कागद वेगळा कापून सरळ करावा. खडूचा काळा फळा असेल तर आधी Colors → Invert करायचं, मग बाकीचं तसंच.

शेवटी पाठवतानाची चूक. मूळ फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आला तर तो लहान आणि दाबलेला येतो, शिरोरेघेभोवती मुंग्यांसारखे कण दिसतात आणि Levels लावल्यावर ते जास्तच उठतात. फोटो काढणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं. तयार चित्र JPEG नको, PNG ठेवायचं. पांढरा भाग जास्त असल्यानं त्याची फाइल फार मोठी होत नाही. पॉवरपॉइंट स्वतःही चित्रं दाबतो, म्हणून File → Options → Advanced मध्ये Do not compress images in file वर खूण करून ठेवतो. स्लाइडची पार्श्वभूमीही पांढरीच ठेवतो. पांढरा रंग पारदर्शक करून रंगीत स्लाइडवर अक्षरं बसवायला गेलो होतो, तर प्रत्येक अक्षराला पांढरी किनार आली.

दुसऱ्या बैठकीत ते काका पुढच्याच रांगेत बसले होते. संती बस्तवाड वाचलं, मान हलवली आणि विचारलं, "आमच्या गाडीची वेळ सव्वासहा कुणी लिहिली?" ती मात्र फळ्यावरच चुकली होती.