कार, खार, गार, घार : व्हीओटी मोजताना काय काय होतं

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी सांगलीत घरीच ध्वनिमुद्रण करायचं ठरवलं. बोलणाऱ्या होत्या शेजारच्या मावशी आणि शब्द चार: कार, खार, गार, घार. पहिलं व्यंजन सोडलं तर बाकी सगळं सारखं, म्हणून हेच निवडले.

क किंवा ग म्हणताना जीभ मागे टाळूला टेकून हवा अडवते आणि मग सुटते. ती सुटते त्या क्षणाला स्फोट म्हणतात. स्फोट आणि स्वरतंतूंचं कंपन सुरू होणं यांच्यातलं अंतर म्हणजे व्हॉइस ऑन्सेट टाइम, म्हणजे व्हीओटी. कंपन स्फोटाच्या आधी सुरू झालं तर आकडा उणे, नंतर झालं तर अधिक. लिस्कर आणि अब्रॅम्सन यांनी 1964 साली अकरा भाषांमध्ये हे मोजलं आणि त्या अकरांत आपली मराठीही होती.

आता मोजणी. प्राट या आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मावशींचं 'कार' उघडलं. स्फोटाची टोकदार रेघ 0.412 सेकंदाला आणि पहिलं नियमित कंपन 0.436 ला, म्हणजे व्हीओटी अधिक 24 मिलिसेकंद. 'खार'मध्ये स्फोट 0.398 ला, कंपन 0.485 ला, म्हणजे अधिक 87. मधल्या काळात फक्त हवेची खरखर दिसते. ख सुटतो तेव्हा स्वरतंतू चांगलेच उघडे असतात आणि जवळ येऊन थरथरायला त्यांना वेळ लागतो. क सुटताना ते जवळपास मिटलेले असतात, म्हणून उशीर जेमतेम. 'गार'मध्ये उलटं झालं. कंपन 0.301 लाच सुरू, स्फोट 0.394 ला, म्हणून उणे 93. तळाशी जी मंद काळी पट्टी दिसते ती या कंपनाची. तिथे तोंड बंद आहे, पण गळा बोलतो आहे.

क सोपा वाटतो, पण त्याचा स्फोट बऱ्याचदा दोन-तीन टोकांचा असतो. जिभेचा मागचा भाग हळू सुटतो त्यामुळे. कुठलं टोक धरायचं हे आधी ठरवा आणि सगळ्या शब्दांना तेच लावा. मी पहिलं धरते. प्राटच्या निळ्या कंपनरेषांवरही डोळे झाकून विसंबू नका. तरंग मोठा करून एकसारखी लाट कुठून सुरू होते ते स्वतः पाहा.

माझी खरी चूक वेगळीच होती. पहिल्या दिवशीच्या मुद्रणात मावशींचा 'कार'सुद्धा उणे आला! तळाशी पट्टी स्पष्ट दिसत होती आणि मी आनंदानं तशी नोंदही केली. मग लक्षात आलं, ती पट्टी शब्द संपल्यावरही तशीच चालू आहे. वीजपुरवठ्याची 50 हर्ट्झची गुणगुण आणि तिची 100 हर्ट्झची पटही मुद्रणात आली होती, त्यात पंख्याची घरघर. मावशींच्या आवाजाची पट्टी शब्दाबरोबर येते आणि जाते, गुणगुण मात्र शांततेतही राहते. ओळखायची खूण हीच. दुसऱ्या दिवशी चार्जर काढून, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून मुद्रण केलं. पंखा बंद करताना मावशी म्हणाल्या, "अगं, मे महिन्यात पंखा बंद?" "पाचच मिनिटं, मावशी." पाच मिनिटांत चारही शब्द पाच-पाचदा झाले.

मुद्रण WAV स्वरूपातच ठेवा. फोनवरून आवाज पाठवून घेतला तर आवाज स्वच्छ करणारी यंत्रणा गची ती मंद पट्टीच खाऊन टाकू शकते, आणि मग ग हा क वाटतो. शब्द सुटा म्हणवून घ्या. 'मी गार म्हणते' अशा वाक्यात 'मी'मधलं कंपन गमध्ये वाहत जातं आणि ते कुठून सुरू झालं हे सांगता येत नाही. घाईत बोलल्यास खचा आकडा आखडतो, कचा फारसा नाही, म्हणून वेग सारखा हवा.

आणि घार? स्फोट 0.399 ला, कंपन 0.318 पासून, म्हणजे उणे 81. गच्या उणे 93 च्या जवळच. पाचही वेळांचे आकडे लावले तर ग आणि घ एकमेकांत मिसळले होते. मी दोनदा पुन्हा मोजलं, चूक नव्हती. घमध्ये कंपन आधीपासून असतंच, फरक स्फोटानंतर दिसतो: 'आ'च्या सुरुवातीला हवा गळत राहते आणि लाट धूसर दिसते. व्हीओटी क, ख, ग वेगळे करतो, पण ग आणि घ वेगळे करण्याचं काम त्याच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून माझ्या तक्त्यात घसाठी दुसरा रकाना आहे, स्फोटानंतरच्या त्या धूसर पट्ट्याच्या लांबीचा. मावशींच्या 'घार'मध्ये तो 70 मिलिसेकंदांच्या आसपास येतो, 'गार'मध्ये जवळपास नाहीच.